आबांच्या पावसाच्या वह्या टाइप करताना: नोंदी

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, कापूस-तुरीच्या पट्ट्यात. आबांनी १९७५ ते २००६ अशी ३२ वर्षं रोज सकाळी साडेआठला अंगणातला पाऊस मोजला आणि हाताने आखलेल्या तक्त्यांत लिहिला. मी बी.एस्सी.ला आहे, विषय संख्याशास्त्र. दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं संगणकावर चढवायला घेतलं. घरात अशाच वह्या पडून असलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून काय केलं, कुठे चुकले, ते लिहून ठेवते आहे.

४ नोव्हेंबर २०२४

दोन लांब फुलस्केप वह्या, कापडी पाठीच्या. एका पानावर एक वर्ष. उभ्या पाच रकान्यांत जून ते ऑक्टोबर, आडव्या ३१ ओळींत तारखा. म्हणजे वर्षाचे १५३ चौकोन, ३२ वर्षांचे ४८९६. आखणी आधी पेन्सिलने, मग त्यावर निळ्या शाईने. आबांचा हात स्थिर, पण मधूनमधून एखादी आडवी रेघ शाईने काढायची राहून गेलेली. मी मनात म्हटलं, म्हातारपण. (पहिली वही लिहायला घेतली तेव्हा ते चाळिशीत होते. हे डोक्यात यायला मला वीस दिवस लागले.)

मूळ वही हाताळून पानं सुटायला लागली, म्हणून तालुक्याला जाऊन ए-थ्री झेरॉक्स काढल्या. ३२ पानांचे ३२० रुपये, बसचे वेगळे. इथे पहिली चूक झाली. झेरॉक्सवर पुसट पेन्सिल उमटली नाही. तेव्हा वाटलं, बरंच झालं, पानं स्वच्छ दिसतात.

५ नोव्हेंबर

सकाळी चार तासांत तीन वर्षं टाइप केली. खाली बेरीज घेतली तर शून्य. कीबोर्ड मराठीवर होता आणि मी १२.४ असं देवनागरीत टाइप करत गेले होते. संगणकाने ते सगळं अक्षर म्हणून धरलं. ४५९ चौकोन. शोधा-बदला वापरून दहा अंक एकेक करून बदलले, अर्धा तास गेला. आकडे इंग्रजी कीबोर्डवरच टाइप करायचे.

कोरड्या दिवशी आबा चौकोनात एक ठिपका देत. काही चौकोन मात्र अगदी रिकामे. मी नियम केला: ठिपका असो की रिकामं, दोन्हीला ०. हा नियम मी वहीच्या मागे तारीख घालून लिहून ठेवला होता हे बरं, कारण पुढे सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

९ नोव्हेंबर

चार दिवस वेचणी. मजूर मिळत नाही म्हणून घरातले सगळे वावरात. संध्याकाळी बोटं कापसाच्या बोंडांनी इतकी ओरबाडलेली की टाइप करवत नव्हतं.

आज ताळ्याची रीत बसवली. आबांनी प्रत्येक रकान्याखाली महिन्याची बेरीज लिहिली आहे. माझी बेरीज जुळली नाही की फरक किती ते पाहायचं. फरक बरोबर ८ किंवा ८० असेल तर कुठेतरी ९ ला मी १ वाचलं आहे, कारण आबांचा ९ फार कमी वळतो. फरकाला ९ ने भाग जात असेल तर दोन अंकांची अदलाबदल झाली आहे, १७ चे ७१ वगैरे. असे तेवीस महिने निघाले, सगळे दुरुस्त केले.

आणखी एक चाळणी आबांच्या मोजग्लासमुळे मिळाली. तो ग्लास अजून घरात आहे. १० मिलिमीटरचा, बारीक रेघा ०.२ च्या आणि मिलिमीटरच्या रेघा लांब. म्हणजे आकड्याच्या शेवटी .०, .२, .४, .६, .८ एवढंच येऊ शकतं. शेवटी विषम अंक आला तर तो माझा टाइपिंगचा दोष. सूत्र असं:

```
=MOD(ROUND(C2*10,0),2)
```

उत्तर १ आलं की ती ओळ पुन्हा पाहायची. ROUND ठेवाच. ते नसेल तर दशांशाच्या गुणाकारात कुठेतरी सूक्ष्म शेपूट राहतं आणि खोटे दोष दिसतात. या चाळणीत चाळीसेक चुका सापडल्या.

१४ नोव्हेंबर

सगळी ३२ वर्षं चढली. १६० महिन्यांच्या १६० बेरजा जुळल्या. मी खूश. काकांना दाखवलं तर ते म्हणाले, "आकडे सोड, त्या चित्रांत गोम आहे. आबांनी वाहनाचा हिशोब लावला होता."

समासात खरंच चित्रं आहेत. मृगापासून हस्तापर्यंत प्रत्येक नक्षत्राशेजारी बेडूक, हत्ती, उंदीर, मोर, फार सुरेख. पंचांगातला हिशोब असा: सूर्य नक्षत्रात शिरतो तेव्हा सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, ९ ने भागायचं, बाकीवरून वाहन. १ ला घोडा, ३ ला बेडूक, ७ ला म्हैस, बाकी शून्य तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती असले की पाऊस चांगला.

दोन रात्री घालून प्रत्येक नक्षत्राची बेरीज वाहनाप्रमाणे लावली. काही निघालं नाही. घोड्याची सरासरी हत्तीपेक्षा जास्त आली आणि कोल्ह्याने म्हशीला मागे टाकलं. काकांना सांगितलं तर म्हणाले, तुझं टाइपिंग चुकलं असेल. आबांनी चित्रं का काढली असतील? मला वाटतं, हात चांगला होता म्हणून.

१७ नोव्हेंबर

आज जे दिसलं ते ठरवून शोधलेलं नव्हतं. तारखांशेजारी वार घालत होते. उद्देश एवढाच की तारखेत दिवस-महिना उलटा झाला असेल तर कळावं. वार आले म्हणून सहज सरासरी काढली:

```
=WEEKDAY(A2,2)
=AVERAGEIFS(C:C,B:B,2)
```

पहिल्या सूत्रात सोमवार १, मंगळवार २. दुसरं मंगळवारची सरासरी देतं. आठवड्याचे पाच वार ५.४ च्या आसपास आले. मंगळवार ३.४. बुधवार ७.४.

पाऊस वार बघून पडत नाही. तरी पाच मिनिटं मला वाटलंच की आपण काहीतरी जगावेगळं शोधलं आहे. मग वर्षं दोन भागांत तोडून पाहिली, तर पहिल्या भागात फरक आणखी टोकाचा: मंगळवार ०.२, बुधवार १०.९. दुसऱ्या भागात जवळपास नाहीच.

गंमत बघा: पहिल्या भागात बुधवारचा आकडा बाकीच्या वारांच्या दुप्पट आहे, तिप्पट किंवा दीडपट नाही. मंगळवारचं पाणी कुठे गेलं ते तिथेच दिसत होतं, पण रात्रीचे बारा वाजले होते आणि लाइट गेली.

२० नोव्हेंबर

आज मतदानाची सुट्टी. अमरावतीची मैत्रीण घरी आलेली, तिच्याकडून भारतीय हवामान विभागाचा रोजच्या पावसाचा जाळीदार नकाशा वाचून घेतला. देशावर पाव अंशाची जाळी टाकून जाळीतल्या प्रत्येक चौकोनाचा रोजचा पाऊस त्यात दिला आहे. पाव अंश म्हणजे आमच्याकडे साधारण २६ ते २८ किलोमीटर. त्यामुळे आमच्या अंगणाचा आकडा त्यातून मिळत नाही, पण मंगळवारी पाऊस खरंच रुसतो का, एवढं विचारायला पुरे. आमचं गाव येतं त्या चौकोनाचे तेच जून ते ऑक्टोबर, तीच वर्षं घेतली. सगळे वार सारखे. मंगळवार बिचारा निर्दोष.

म्हणजे दोष मापनाचा. दुपारी मूळ वही काढली, झेरॉक्स नाही. उदाहरणाला जुलै १९८३ घेते. मंगळवार ५, १२, १९ आणि २६ तारखेला.

५ तारखेचा चौकोन रिकामा, ६ ला ४१.२. बारा रिकामा, तेराला १८.६. एकोणीस रिकामा, वीसला ठिपका. सव्वीस रिकामा, सत्तावीसला ६३.४. चारही मंगळवार रिकामे आणि चारही बुधवार भरलेले किंवा ठिपक्याचे. आणि या चारही जोड्यांमध्ये शाईची आडवी रेघ नाही. पेन्सिलची आहे, पुसट. आबांनी ती मुद्दाम शाईने ओढली नव्हती. दोन तारखांचा मिळून एक चौकोन केला होता.

मग सगळी पानं खिडकीशी धरून पाहिली. पहिल्या भागातल्या वर्षांत प्रत्येक रकान्यात सात-सात ओळींनी एक रेघ गायब. शेजारच्या रकान्यात महिना बदलतो म्हणून ती दोन किंवा तीन ओळी वरखाली सरकते. पानभर पायऱ्या पायऱ्यांसारखी नक्षी. ४ तारखेला हीच नक्षी मी "म्हातारपण" म्हणून सोडून दिली होती. आबांनी तक्त्यात जे लिहून ठेवलं होतं ते मी टाइप करताना पुसलं, आणि तेच मला पुन्हा सरासरी काढून शोधावं लागलं.

आता ताळ्याबद्दल. १६० बेरजा जुळल्या म्हणून मी निर्धास्त होते. पण मंगळवारचं पाणी बुधवारच्या आकड्यात आहे, त्यामुळे महिन्याची बेरीज कधीच चुकणार नव्हती. बेरीज जुळते याचा अर्थ फक्त अंक बरोबर वाचले आहेत. रिकाम्याला शून्य समजल्याची चूक बेरजेत सापडत नाही.

मंगळवारच का, ते घरात कुणालाही विचारायची गरज नव्हती. तालुक्याचा बाजार मंगळवारी. आबा सकाळी सहाला बंडी जुंपून निघत आणि दिवेलागणीला परतत. साडेआठला मोजायला घरी कुणी नसे. मग बाटलीत पाणी तसंच, बुधवारी सकाळी दोन दिवसांचं मिळून मोजायचं.

२२ नोव्हेंबर

मंगळवार नीट मोजले. १९७५ च्या जूनपासून १२ ऑगस्ट १९८६ पर्यंत मोसमातले २५१ मंगळवार. २४२ रिकामे, ९ वर नोंद. त्या नऊपैकी एक १५ ऑगस्ट १९७८. त्या दिवशी शाळेत झेंडा, आबा गावातच. बाकी आठांचं कारण कळलं नाही.

आता दुरुस्ती. २४२ शून्यं काढून चौकोन खरोखर रिकामे केले. बुधवारचे आकडे तसेच ठेवले आणि शेजारी "स्थिती" असा नवा रकाना केला. त्यात दोनच खुणा: "न" म्हणजे मोजलं नाही, "दो" म्हणजे दोन दिवसांचं मिळून. साधी नोंद असेल तर रकाना मोकळा.

मैत्रीण म्हणाली, अर्धं अर्धं वाटून टाक ना. मी नाही वाटलं. ६३.४ चे ३१.७ आणि ३१.७ केले तर जे कधीच मोजलं नाही असे दोन दिवस मी तयार केले. (३१.७ आबांच्या ग्लासवर येऊच शकत नाही, आमच्याच चाळणीत अडकलं असतं.) पुढे कुणाला वाटायचं असेल तर "दो" ही खूण बघून तो वाटेल.

याचा फरक कुठे पडतो ते दोन ठिकाणी स्पष्ट दिसलं. मोसमाच्या बेरजेत काहीच नाही. पण हवामान विभाग २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो "पावसाचा दिवस" धरतो, आणि मंगळवार-बुधवार दोन्ही दिवस पाऊस असला तरी आबांच्या वहीत तो एकच दिवस पडतो. त्यामुळे १९८६ पर्यंत दर वर्षी पावसाचे दिवस खरे होते त्यापेक्षा कमी दिसतात. दुसरं, मी "एका दिवसातला सर्वांत मोठा पाऊस" अशी पहिल्या दहांची यादी करून काकांना पाठवली होती. त्यातले सहा बुधवार निघाले. यादी मागे घेतली. काकांनी ती तोवर गावाच्या ग्रुपवर टाकली होती.

२४ नोव्हेंबर

उरलेला प्रश्न: १९८६ नंतर मंगळवार भरले कसे? बाजार तोच, वार तोच.

शेवटचा रिकामा मंगळवार १२ ऑगस्ट १९८६. त्याच्या बुधवारी, १३ तारखेला, वहीत "९६.०+" लिहिलं आहे. मी टाइप करताना ते अधिकचिन्ह शाईचा ओघळ समजून गाळलं होतं. पुढचा मंगळवार १९ ऑगस्ट, आणि तिथे आकडा: ७. दशांशचिन्ह नाही, नुसता ७. अक्षर आबांचंच. त्यापुढे वहीत जोडचौकोन एकही नाही, सगळ्या रेघा पूर्ण.

तो नुसता ७ डोक्यात राहिला. रात्री १९ ऑगस्ट १९८६ पासूनचे सगळे मंगळवार वेगळे काढले, ४४८ भरले. त्यांत १ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस असलेले १६३. मग त्यांतले पूर्णांक किती ते पाहिलं:

```
=MOD(ROUND(C2*10,0),10)=0
```

ग्लासवर शेवटी पाच शक्यता आहेत, तेव्हा साधारण पाचातला एक आकडा पूर्णांक असायला हवा. बाकीच्या वारांना तसाच आहे, शंभरात एकवीस. मंगळवारी १६३ पैकी १५६ पूर्णांक.

पहिला संशय माझ्यावरच. स्तंभाला गोल आकडे दाखवण्याची सेटिंग तर लागली नाही ना? नव्हती. वही पाहिली. १४, ३, २२, ९. आबांनीच तसे लिहिलेले. जो माणूस सोमवारी १४.६ लिहितो आणि बुधवारी ८.२, तो मंगळवारी आळस का करेल? आबा आळशी नव्हते. मंगळवारी ग्लास दुसऱ्याच कुणाच्या हातात होता.

२५ नोव्हेंबर

आजी ओट्यावर उडीद निवडत होती. मी विचारलं, "आजी, मंगयवारी पानी कोन मोजे?"

"कोन मोजन? मीच मोजत होती."

सुपातून वर न बघता बोलली. ३२ वर्षांच्या वह्या तिच्यासमोर पंधरा दिवस पसरल्या होत्या आणि तिने एकदाही सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, असं म्हटलं तर म्हणाली, "तू इचारलं कुठी?"

मग तिने सांगितलं ते असं. एका वर्षी बाजाराच्या दिवशी पाऊस सुरू झाला तो थांबेचना. बाटली भरली आणि पाणी वाहून गेलं. "तुहे आबा दोन दिस धड जेवले नाई. पानी सांडलं, पानी सांडलं, एकच घोर." (९६.०+. ते अधिकचिन्ह म्हणजे हे.) तेव्हा तिने म्हटलं, एवढा जीव खालीवर होते तर मले दाखवा, मी मोजतो. आबा म्हणाले, तुला आकडे कुठे येतात.

"नसन येत. रेघ तं दिसते ना मले!"

तिने पद्धत स्वतः बसवली. एक डालड्याचा डबा. पाणी ग्लासात ओतायचं, जितक्या लांब रेघा पाण्याखाली गेल्या तितके चिंचोके डब्यात. ग्लास काठोकाठ दहाच्या रेघेपर्यंत भरला की एक सागरगोटा, तो ओतून द्यायचा आणि पुन्हा भरायचा. दोन सागरगोटे, दोन चिंचोके म्हणजे २२. "आबा बाजारातून आले का पैले डबा पाहत. मंग हातपाय धूत."

बारीक रेघांचं काय?

"त्या बारक्या रेघा कोन मोजन? उरलं ते तुयशीले."

घड्याळ नव्हतं, साडेआठची वेळ कशी साधायची? यष्टी आली की. यष्टी उशिरा आली तर मापही उशिरा.

१ डिसेंबर

आजीच्या मापात किती कमी पडतं ते बसून तपासलं. ग्लास तोच, चिंचोके नवे. मी बादलीतून अंदाजाने पाणी घालायचं, तिने चिंचोके टाकायचे, मग मी बारीक रेघांसकट वाचायचं आणि लिहायचं. वीस वेळा केलं.

ती वर कधीच धरत नाही. ४.८ असलं तरी चार चिंचोके. वीस मापांत मिळून ७.८ मिलिमीटर कमी भरलं, म्हणजे मापामागे जवळपास ०.४. हिशोबाने तेवढंच यायला हवं: सुटणारा भाग ०, ०.२, ०.४, ०.६ किंवा ०.८ यांपैकी कोणताही असू शकतो, त्यांची सरासरी ०.४. मोसमात पावसाचे मंगळवार आठ-नऊ, तेव्हा वर्षाला तीन-साडेतीन मिलिमीटर तुळशीला गेले. एवढ्यासाठी मी आकड्यांना हात लावत नाही. फक्त एका ठिकाणी सांभाळायचं: आजीचे २ म्हणजे खरे २.० ते २.८. त्यातले २.६ आणि २.८ हे पावसाचे दिवस होते, पण तिच्या २ मुळे २.५ च्या उंबरठ्याअलीकडेच राहतात. असे मंगळवार अकरा आहेत. त्यांना "सं" म्हणजे संशयित अशी तिसरी खूण दिली.

सतराव्या मापाला आमचं भांडण झालं. मला पाणी सहाच्या रेघेवर दिसत होतं, तिने पाच चिंचोके टाकले. मी म्हटलं, आजी, एक राहिला. ती म्हणाली, "खाली बस." बसले, डोळा पाण्याच्या पातळीला आणला, तर ५.८. उभ्याने वरून पाहिलं की जवळची रेघ पाण्याच्या वर असूनही पाण्याशी जुळलेली दिसते आणि माप जास्त येतं. आधीची सोळाही मी उभ्यानेच वाचली होती. सगळी पुन्हा केली, अडीच तास गेले. वर लिहिलेले ७.८ हे दुसऱ्या फेरीचे आहेत.

८ डिसेंबर

फाइल पुरी केली. १३ ऑगस्ट १९८६ ला "दो" आणि शेजारी "सां", सांडलं. तो आकडा किमान आहे, खरा किती ते आता कुणाला कळणार नाही. झेरॉक्सवर भरोसा ठेवला म्हणून सगळी पानं मूळ वहीवरून पुन्हा ताडून पाहिली, त्यात आणखी दोन अधिकचिन्हं सापडली, दोन्ही बुधवारचीच. एकूण वेळ साधारण ७० तास, त्यातले टाइपिंगचे निम्मेही नाहीत. खर्च झेरॉक्स आणि बस मिळून ४४० रुपये, झेरॉक्स वाया.

शेवटी "निरीक्षक" असा एक रकाना वाढवला. १५६ मंगळवारांसमोर आजीचं नाव घातलं. पूर्णांक नसलेल्या सातांसमोर आबांचं, त्या दिवशी ते घरी असावेत. कोरड्या मंगळवारांचं काय करायचं यावर अडले. ठिपका दोघांचाही सारखाच दिसतो. आजीला विचारलं तर म्हणाली, "कोरडा दिवस असला तरी डबा ठेवाच लागे. रिकामा."

तिथेही तिचंच नाव घातलं.